सेटपॉइंट बदलला की उडी, वाफ पडली की घसरण : प्रीफिल्टरविषयीचे गैरसमज

सुरतच्या पांडेसरा, सचिन, कडोदरा पट्ट्यात पॉलिएस्टरची साडी आणि ड्रेस मटेरियल रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसांची दाटी आहे. जेट मशीनवर काम करणाऱ्यांत उधना-लिंबायत भागात राहणारे खानदेशी लोकही बरेच भेटतात. यांच्या बोलण्यात 'शेड' आणि 'लॉट' हे शब्द जेवढे येतात, तेवढंच 'टेंपरेचर वर गेलं' हेही येतं. डिस्पर्स रंग पॉलिएस्टरमध्ये शिरण्यासाठी बंद मशीनमधलं पाणी दाबाखाली साधारण 130 अंशांपर्यंत न्यावं लागतं, तेही मिनिटाला एक-दोन अंशांच्या ठरलेल्या चढाने. चढ बिघडला तर रंग कापडावर एकसारखा बसत नाही. शेवटचं तापमान प्रत्येक लॉटला वेगळं गाठलं तर दोन लॉटच्या शेड जुळत नाहीत.

या तापमानाच्या कंट्रोलरकडून दोन वेगळी कामं हवी असतात. सेटपॉइंट बदलला की तापमानाने त्याच्या मागे नीट जावं, हे पहिलं. बाजूच्या चार मशीनांनी एकदम वाफ ओढली आणि लाइनचा दाब पडला तरी तापमान हलू नये, हे दुसरं. साध्या पीआय कंट्रोलरमध्ये दोन्ही कामं एकाच ट्यूनिंगवर टाकलेली असतात. सेटपॉइंटच्या वाटेवर, लूपच्या बाहेर, एक छोटा फिल्टर, म्हणजे प्रीफिल्टर, ठेवला की ती वेगळी करता येतात. अशा रचनेला 'टू-डिग्री-ऑफ-फ्रीडम' म्हणतात. आयझॅक होरोविट्झ यांनी 1963 च्या पुस्तकात ती सविस्तर मांडली, म्हणजे कल्पना नवी नाही. गैरसमज मात्र ताजे आहेत.

गैरसमज : ओव्हरशूट होतो म्हणजे गेन जास्त आहे, तो कमी करा.

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, म्हणून इथे आकडे मांडूनच बघू. आकडे कुठल्या एका मशीनचे नाहीत, हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेत. वाफेचा वॉल्व्ह पूर्ण उघडला तर पाणी मिनिटाला 5 अंश तापतं, म्हणजे वॉल्व्हच्या प्रत्येक टक्क्याला मिनिटाला 0.05 अंश. बाहेर निसटणारी उष्णता थोडी आहे, ती सोडून देऊ. कंट्रोलर पीआय आहे : एक अंश चुकीला वॉल्व्ह 20 टक्के उघडतो आणि इंटिग्रलची वेळ 4 मिनिटं आहे. हे गणित सोडवलं तर लूपचे दोन्ही पोल एकाच जागी, -0.5 वर येतात. म्हणजे लूप जराही डोलत नाही. तरीही सेटपॉइंट 4 अंशांनी वाढवला तर तापमान चौथ्या मिनिटाला नव्या सेटपॉइंटच्या सुमारे 0.54 अंश वर जातं. म्हणजे सेटपॉइंटच्या बदलाच्या साडेतेरा टक्के.

लूप डोलत नसेल तर ही उडी येते कुठून? तापमान सेटपॉइंटच्या खाली असेपर्यंत इंटिग्रल जमा होत राहतो. सेटपॉइंट गाठला तेव्हा पाण्याला वॉल्व्हची गरज नसते, पण जमा झालेला इंटिग्रल वॉल्व्ह उघडाच ठेवतो. ती जमा रिकामी व्हायला चूक उलट्या बाजूची हवी, म्हणजे तापमान सेटपॉइंटच्या वर जायलाच हवं. तापणारं पाणी स्वतःच उष्णता साठवत जातं आणि वर कंट्रोलरचा इंटिग्रल आहे, त्यामुळे खालच्या चुकीचं आणि वरच्या चुकीचं क्षेत्रफळ शेवटी समान येतं. पीआयचं ट्यूनिंग कितीही बदला, ही अट सुटत नाही. जिथे उष्णता बाहेर निसटणं नगण्य आहे तिथे ओव्हरशूट ट्यूनिंगने शून्य होत नाही, फक्त लहान-मोठा होतो.

आता ऑपरेटरचा नेहमीचा उपाय करून पाहू. गेन निम्मा केला, 20 ऐवजी 10, इंटिग्रल तसाच ठेवला. ओव्हरशूट साडेतेरा टक्क्यांवरून सुमारे 21 टक्के होतो. वाढतो! आणि वाफेचा दाब पडून वॉल्व्हच्या 20 टक्क्यांइतकी उष्णता कमी झाली, तर आधी तापमान जास्तीत जास्त 0.74 अंश घसरायचं, आता 1.29 अंश घसरतं. दोन्ही कामं बिघडली. थोडा जाणकार माणूस गेनला हात लावत नाही, इंटिग्रलची वेळ 4 ऐवजी 16 मिनिटं करतो. ओव्हरशूट पाच टक्क्यांच्या आत येतो आणि ट्रेंड सुंदर दिसतो. पण वाफेच्या त्याच घसरणीनंतर तापमान 0.1 अंशाच्या आत परतायला आधी 9 मिनिटं लागायची, आता साडेछत्तीस लागतात. सेटपॉइंट बदलून पाहणाऱ्याला हे दिसत नाही. ते दिसतं शेड जुळवणाऱ्या डाईंग मास्टरला, तेही कापड बाहेर आल्यावर.

गैरसमज : प्रीफिल्टर म्हणजे कंट्रोलरच हळू करणं.

नाही. पहिलं ट्यूनिंग, 20 आणि 4, तसंच ठेवायचं. फक्त सेटपॉइंट कंट्रोलरला देण्याआधी

`F(s) = (2s + 1) / (4s + 1)`

यातून न्यायचा. खालचा 4 म्हणजे इंटिग्रलची वेळ. त्याने लूपमधला जो झीरो उडीला कारण होता तो नाहीसा होतो, आणि वरचा 2 लूपचा एक पोल खोडतो. उरतो साधा 2 मिनिटांचा फर्स्ट ऑर्डर प्रतिसाद, ओव्हरशूट शून्य.

मग क्षेत्रफळाच्या अटीचं काय झालं? ती अजून तशीच लागू आहे, पण फिल्टरमधून आलेल्या सेटपॉइंटला. हा सेटपॉइंट आधी निम्म्यावर उडी मारतो आणि उरलेलं हळूहळू चढतो. तापमान पावणेतीन मिनिटांच्या सुमारास त्याला ओलांडून वर जातं आणि इंटिग्रल आपली जमा तिथेच रिकामी करतो. ऑपरेटरने दिलेल्या खऱ्या सेटपॉइंटच्या मात्र ते खालीच राहतं.

वाफेच्या घसरणीला लूपचं उत्तर बदलत नाही, कारण ती वाट फिल्टरमधून जातच नाही. 0.74 अंश आणि 9 मिनिटं, जसंच्या तसं. प्रीफिल्टरचा सगळा फायदा इथे आहे. पण यातून उलटंही निघतं : घसरण फार होत असेल तर प्रीफिल्टर कितीही चांगला निवडा, ती कमी होणार नाही. लूपच्या स्थिरतेवरही त्याचा परिणाम नाही. डोलणारा लूप प्रीफिल्टर लावूनही डोलतोच, फक्त सेटपॉइंट बदलताना कमी भडकतो, आणि त्यामुळे दोष लपून राहतो.

पीएलसीवर हे लिहायला दोन ओळी पुरतात. `dt` मिनिटांत धरलंय :

```
x    = x + (dt/4.0)*(sp - x)
sp_f = 0.5*sp + 0.5*x
```

`sp_f` पीआयला द्यायचा. ऑटोवर घेताना `sp` आणि `x` दोन्ही त्या क्षणीच्या तापमानावर आणून ठेवायचे, नाहीतर फिल्टर जुन्या लॉटच्या 130 वरून सुरुवात करतो आणि थंड पाण्यावर वॉल्व्ह उगाच उघडतो. फिल्टरचा स्थिर गेन नेमका 1 हवा, हेही तपासायचं. तो 0.99 असला तर इंटिग्रल प्रामाणिकपणे 130 ऐवजी 128.7 पकडून बसेल आणि कंट्रोलरच्या लेखी चूक शून्य असेल.

काही कंट्रोलरमध्ये 'सेटपॉइंट वेटिंग' नावाची सेटिंग असते. पीआयसाठी ती आणि हा फिल्टर एकच आहे : वरचा हिशोब म्हणजे वेट 0.5. मेनूमध्ये ती सापडली तर वेगळा कोड लिहू नका.

गैरसमज : कंट्रोलरमध्ये फिल्टर ऑन आहे, म्हणजे झालं.

बहुतेक वेळा तो मापनावरचा फिल्टर असतो, पीटी-100 च्या सिग्नलमधली खरखर कमी करणारा. तो लूपच्या आत बसतो, लूपमध्ये उशीर घालतो आणि स्थिरता कमी करतो. सेटपॉइंटच्या उडीवर तो उपाय नाही. कोणता फिल्टर चालू आहे ते पाहायचं असेल तर सेटपॉइंट हलवू नका, तापमान स्थिर असताना वाफेचा हातवॉल्व्ह थोडा आवळा. फिल्टरची वेळ बदलल्यावर घसरणीचा आलेख बदलला, तर तो लूपच्या आत आहे. प्रीफिल्टर असता तर आलेख तसाच राहिला असता.

गैरसमज : आमच्याकडे रॅम्प आहे, प्रीफिल्टर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. डाईंगमध्ये सेटपॉइंट उडी मारत नाही, प्रोग्रॅम तो चढवत नेतो. पण चढ जिथे संपतो तिथे कोपरा असतो. मिनिटाला 2 अंशांचा रॅम्प 130 वर थांबला की वरचा लूप, प्रीफिल्टरशिवाय, दोन मिनिटांनी 131.5 वर असतो. चढताना सुरुवातीला मागे पडलेलं अंतर त्याने भरून काढलं, आता चढासाठी जमा झालेला इंटिग्रल रिकामा करतोय.

प्रीफिल्टर लावला की हा उभार जातो, पण किंमत द्यावी लागते. तापमान रॅम्पच्या मागे कायम 2 मिनिटं, म्हणजे 4 अंश, चालतं. चढाचा वेग तोच राहतो, म्हणून रंग बसण्यात अडचण येत नाही. 130 वर पोचताना उरलेले 4 अंश दर 2 मिनिटांनी जवळपास एक तृतीयांश होत जातात, आणि अर्ध्या अंशाच्या आत यायला सव्वाचार मिनिटं लागतात. प्रोग्रॅममधला होल्डचा टायमर सेटपॉइंट 130 झाल्या झाल्या सुरू होत असेल तर 30 मिनिटांच्या होल्डमधली ही सव्वाचार मिनिटं कापडाला मिळतच नाहीत. प्रीफिल्टर लावल्यावर शेड फिकी येऊ लागली अशी तक्रार आली, तर आधी टायमर मोजलेल्या तापमानावर बांधलाय का ते बघावं.

आणि वाफच नसेल तर? बॉयलरचा दाब इतका पडला की वॉल्व्ह 100 टक्क्यांवर जाऊन बसला, तर त्या मिनिटांत लूप उघडा असतो आणि वरचं एकही समीकरण लागू नाही. प्रीफिल्टर सेटपॉइंटचा धक्का सौम्य करतो, त्यामुळे सेटपॉइंट बदलताना वॉल्व्ह टोकाला जाण्याची वेळ कमी येते : 4 अंशांच्या बदलाला आधी वॉल्व्ह एका फटक्यात 80 टक्के उघडायचा, आता 40. पण वाफेच्या तुटवड्यात फुगणाऱ्या इंटिग्रलला थांबवण्यासाठी वेगळं अँटी-वाइंडअप लागतं, ते लूपच्या आतलं काम आहे. रोज दुपारी त्याच वेळी दाब पडत असेल तर त्याचं उत्तर कंट्रोलरच्या मेनूत शोधू नये. किती मशीन एकाच वेळी गरम करायला घेतली जातात, ती यादी आधी पाहावी.