मोबाइलवरील कानाची तपासणी : भरवसा किती धरावा?

शहरात नोकरीला असलेली मुले सणाला घरी आली की हल्ली वडिलांच्या कानात आपले इअरबड घालून मोबाइलवर त्यांची श्रवणचाचणी घेतात. थोड्याच वेळात निकाल येतो. जे सूर कमी ऐकू येतात ते वाढवून मोबाइल आवाजाची जुळणीही करून देतो. ही सोय फसवी नव्हे, पण तिच्या मर्यादा वाचकांनी जाणून घ्याव्यात असे आम्हांस वाटते.

चाचणीत जाड व बारीक सूर लहान-मोठ्या आवाजात लागतात. सूर ऐकू आला की पडद्याला बोट लावायचे. ऐकू आलेला सर्वांत लहान आवाज डेसिबलमध्ये नोंदला जातो. आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी. पुष्कळदा ५००, १०००, २००० व ४००० हर्ट्झ या चार सुरांची सरासरी सांगतात. ती २५ पर्यंत असली तर कान ठीक समजतात.

समजा, बरीच वर्षे ट्रॅक्टर चालवलेल्या शेतकऱ्याचे आकडे १५, १५, २० आणि ५० आले. सरासरी २५, म्हणजे कान ठीक! पण ४००० हर्ट्झला आलेला ५० हाच खरा दोष आहे. यंत्राच्या आवाजाने झालेली इजा बहुधा याच सुराच्या आसपास प्रथम दिसते. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण गर्दीत शब्द कळत नाहीत. म्हणून सरासरीवर न थांबता आलेख पाहावा.

दुसरी गोष्ट, चाचणी किती ऐकू येते ते सांगते. का येत नाही ते सांगत नाही. कानात मळ असो, पू असो की आतली नस दुबळी असो, आकडा सारखाच येऊ शकतो. दवाखान्यात कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही तपासतात. हाडावाटे नीट ऐकू आले आणि कानावाटे नाही, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो व तो पुष्कळदा बरा होतो. इअरबडला हे जमत नाही. आवाज वाढवून घेतला तरी आतला पू तसाच राहतो.

२०२४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमधील श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, तीही १८ वर्षांवरील सौम्य ते मध्यम बहिरेपणापुरतीच. कोणतेही ॲप कोणत्याही इअरबडवर चालवले, तर कानात आवाज नेमका किती पोचतो हे ॲपला कळत नाही, आणि आकडे चुकतात.

चाचणी घेताना पंखा बंद करावा, रबरी टोक कानात घट्ट बसवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. आकड्यांत १० डेसिबलहून अधिक फरक पडला तर निकाल धरू नये. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कान वाहत असेल किंवा चक्कर येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मोबाइल बाजूला ठेवून त्याच दिवशी जावे. तेथे उशीर झाला तर गेलेले ऐकणे परत येण्याची आशा कमी होते.