कार्नोची मर्यादा आणि आउग्सबुर्गचे इंजिन

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेले, एकच उभे सिलिंडर आणि भलेमोठे फ्लायव्हील असलेले १८९७ सालचे डिझेल इंजिन यंत्रशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे ते त्याने वाफेच्या इंजिनाला मागे टाकले म्हणून. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र वेगळे आहे. उष्णतेपासून कार्य मिळवण्याची जी वरची मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिली होती, तीच प्रत्यक्षात गाठण्याच्या उद्देशाने हे इंजिन कल्पिले गेले, आणि कार्नोने वर्णिलेले चक्र सोडून दिल्यावरच ते चालू शकले.

कार्नोच्या विवेचनाचा गाभा असा की, कोणतेही उष्णता-इंजिन एका तप्त ठिकाणाहून उष्णता घेते, तिच्यातील काही भागाचे कार्यात रूपांतर करते आणि उरलेला भाग एखाद्या थंड ठिकाणी टाकून देते; हे टाकणे टाळता येत नाही, आणि किती टाकावे लागेल हे हवा, वाफ किंवा अन्य कोणता पदार्थ वापरला यावर नव्हे, तर केवळ त्या दोन ठिकाणांच्या तापमानांवर ठरते. कार्नोचा स्वतःचा समज उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे असा होता; आज वापरले जाणारे सूत्र पुढे केल्व्हिन आणि क्लाउझियस यांच्या कामातून स्थिर झाले. तापमाने निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे केल्व्हिनमध्ये, मोजली, थंड तापमानाला तप्त तापमानाने भागले आणि आलेला अपूर्णांक एकातून वजा केला, की मिळणाऱ्या उष्णतेचा जास्तीत जास्त किती हिस्सा कार्य होऊ शकतो ते कळते. कार्नोने याला जोडून एक अटही सांगितली होती, आणि इंजिन बांधणाऱ्याच्या दृष्टीने ती सूत्राहून मोलाची आहे: आकारमान बदलल्याशिवाय जेथे तापमान उतरते, म्हणजे उष्णता नुसतीच तापलेल्या वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहून जाते, तेथे मिळू शकणारे कार्य कायमचे हातचे जाते.

ही अट लावून त्या काळच्या वाफेच्या इंजिनाकडे पाहिले, तर दोष कोठे होता हे लगेच ध्यानात येते. सुमारे दहा वातावरणदाबाची संपृक्त वाफ १८० अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ४५३ केल्व्हिन, तापमानाची असते. तिचे पुन्हा पाणी करणारा संघनक ४० अंशांवर, म्हणजे ३१३ केल्व्हिनवर, असेल तर कार्नोची मर्यादा अवघी ३१ टक्के येते. इंजिन कितीही कौशल्याने घडवले तरी या आकड्यापलीकडे जाणे शक्य नव्हते. भट्टीतील ज्वाळा मात्र हजार अंशांहून बरीच अधिक तप्त असते, आणि तिची उष्णता बाष्पित्राच्या पत्र्यातून १८० अंशांच्या पाण्यात उतरताना एवढ्या मोठ्या उतारातून काहीच कार्य निघत नाही. म्हणजे नुकसान दट्ट्यापर्यंत पोहोचण्याआधीच झालेले असते.

म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल लिंडे यांच्या व्याख्यानांतून हा विचार रुडोल्फ डिझेल या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला. त्याने काढलेला निष्कर्ष सरळ होता: बाष्पित्र काढून टाकावे आणि इंधन सिलिंडरमधील हवेतच जाळावे. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ च्या आरंभी आपल्या ‘विवेकी उष्णता-इंजिना’ची उपपत्ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. या आराखड्यात हवा आधी पाण्याच्या तुषारांनी थंड ठेवत थोडी दाबायची, मग उष्णता बाहेर जाऊ न देता २५० वातावरणदाबापर्यंत दाबायची, ज्यायोगे ती केवळ दाबल्यामुळे ८०० अंशांपर्यंत तापेल, आणि नंतर इंधन इतके सावकाश सोडायचे की ज्वलनातून मिळणारी उष्णता प्रसरणात लगोलग खर्च होऊन तापमान ८०० अंशांवरच स्थिर राहील. तापमान स्थिर ठेवून होणाऱ्या अशा बदलाला समतापी म्हणतात, आणि समतापी ज्वलन हाच त्या पेटंटचा प्राण होता. १०७३ आणि २९३ केल्व्हिन या दोन तापमानांमध्ये कार्नोची मर्यादा ७३ टक्के येते. वाफेच्या इंजिनांची कार्यक्षमता जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांत घुटमळत असताना हा आकडा कोणालाही भुरळ घालील असाच होता.

या चक्राचा हिशोब एक किलोग्रॅम हवेसाठी मांडला, आणि सोयीसाठी हवेची विशिष्ट उष्णता तापमानानुसार बदलत नाही असे धरले, तर डिझेलची अडचण नेमकी दिसते. समतापी ज्वलनात हवेला सुमारे ३०१ किलोज्यूल उष्णता मिळते आणि चक्राच्या अखेरीस २१९ किलोज्यूल निवळ कार्य हाती राहते. हे प्रमाण ७३ टक्केच आहे, उपपत्तीत कोठेही चूक नाही. परंतु हे २१९ किलोज्यूल म्हणजे दोन मोठ्या रकमांतील फरक आहे: प्रसरण पावताना हवा दट्ट्यावर ८६१ किलोज्यूल कार्य करते आणि तीच हवा पुन्हा दाबण्यासाठी फ्लायव्हीलला ६४२ किलोज्यूल परत द्यावे लागतात. मिळकतीतील तीन चतुर्थांश भाग पुढच्या फेरीच्या भांडवलातच अडकतो. आता दट्ट्याच्या कड्यांमधून होणारी गळती, सिलिंडरच्या भिंतींकडे निसटणारी उष्णता आणि घर्षण मिळून प्रसरणातून दहा टक्के कमी कार्य मिळाले आणि दाबण्यासाठी त्याच प्रमाणात अधिक कार्य लागले, तर ७७५ मधून ७१३ वजा होऊन ६२ किलोज्यूल उरतात आणि ७३ टक्क्यांचे २० टक्के होतात. हीच तूट पंधरा टक्के धरली तर मिळकत ७३२ आणि खर्च ७५५. म्हणजे इंजिन स्वतःच्या बळावर फिरणारच नाही.

हीच गोष्ट सिलिंडरमधील दाब आणि आकारमान यांचा आलेख काढला असता डोळ्यांना दिसते. आलेखाच्या बंद वक्राने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीतील कार्य. कार्नोच्या चक्राचा वक्र उंच, लांब, पण सुरीच्या पात्यासारखा अरुंद असतो. दट्ट्या, दांडा, बेअरिंगे ही सर्व २५० वातावरणदाब सोसण्याइतकी जाडजूड करायची, आणि संपूर्ण धावेवर सरासरीने पाहता उपयुक्त दाब मात्र तीन वातावरणांहूनही कमी, असा हा व्यवहार ठरतो. कार्नोच्या मर्यादेत इंजिनाच्या आकाराचा, वेगाचा आणि घर्षणाचा उल्लेखच नसतो, हे येथे विसरून चालत नाही.

पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी डिझेलला हे उमगले, आणि नोव्हेंबर १८९३ च्या दुसऱ्या पेटंटअर्जात ज्वलनाची रीत बदलली. इंधन भराभर सोडावे, तापमान वाढू द्यावे आणि दट्ट्या मागे सरकत असताना दाब साधारण स्थिर राहावा, अशी ही नवी योजना होती. दाबण्याची मर्यादाही २५० वरून तीस-चाळीस वातावरणांच्या आसपास आली. पहिले पेटंट समतापी ज्वलनाचे आणि प्रत्यक्षातील इंजिन स्थिर दाबाचे, या विसंगतीवर टीकाकारांनी पुढे बोट ठेवले, आणि ते अन्यायाचे नव्हते. डिझेलने हा बदल जेवढ्या मोकळेपणाने मान्य करायला हवा होता तेवढा तो केला नाही.

बदललेल्या चक्राचाही हिशोब करून पाहण्यासारखा आहे. खोलीच्या तापमानाची हवा ३४ वातावरणदाबापर्यंत दाबली तर ती सुमारे ८०० केल्व्हिनपर्यंत तापते, आणि स्थिर दाबावर तिचे आकारमान दुप्पट होईपर्यंत इंधन जाळले तर तापमान १६०० केल्व्हिनवर जाते. १६०० आणि २९३ या टोकांमधली कार्नोची मर्यादा ८२ टक्के भरते; म्हणजे मूळ आराखड्याहूनही अधिक. परंतु या आदर्श चक्राची कार्यक्षमता प्रत्यक्षात ५७ टक्केच निघते, आणि त्याचे कारण सरळ आहे. सगळी उष्णता १६०० केल्व्हिनवर मिळत नाही. ती ८०० पासून चढत जाणाऱ्या तापमानांवर मिळते, आणि तिचे योग्य रीतीने काढलेले सरासरी तापमान ११५७ केल्व्हिन येते. त्याचप्रमाणे उष्णता २९३ वर टाकली जात नाही. झडप उघडते तेव्हा वायू अजून ७७३ केल्व्हिनइतके तप्त असतात, आणि टाकण्याचे सरासरी तापमान ४९५ केल्व्हिन भरते. कार्नोच्या सूत्रात टोकांऐवजी ही दोन सरासरी तापमाने घातली की बरोबर ५७ टक्के मिळतात. (काटेकोरपणे पाहता अंतर्ज्वलन इंजिनाला बाहेरचा तप्त साठा नसतोच, पण सरासरी तापमानांची ही रीत सिलिंडरमधील हवेला लागू पडते आणि चूक कोणत्या टोकाला आहे ते दाखवते.)

कागदावरून लोखंडात उतरणे सोपे गेले नाही. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात पहिल्या इंजिनात इंधन सोडताच स्फोट झाला आणि दाब नोंदवणारे उपकरण फुटले. स्वतःच्या बळावर मिनिटभर फिरण्यासाठी फेब्रुवारी १८९४ उजाडावा लागला. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी तिसऱ्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ४०० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला १५४ फेरे असताना १७.८ अश्वशक्ती मिळाली, आणि दर अश्वशक्ती-तासाला २३८ ग्रॅम रॉकेल जळले. एवढ्या रॉकेलात असलेल्या उष्णतेशी मिळालेल्या कार्याची तुलना केली की २६.२ टक्के कार्यक्षमता येते. सरासरी उपयुक्त दाब पाच वातावरणांच्या थोडा वर होता, म्हणजे कार्नो-चक्राच्या निर्दोष कल्पनेत जेवढा मिळाला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तोही सर्व तूट सोसून.

५७ आणि २६ यांमधील अंतराची कारणे निरनिराळी आहेत. तप्त हवेची विशिष्ट उष्णता थंड हवेहून अधिक असल्यामुळे तापमान हिशोबाइतके चढत नाही. ज्वलन तात्काळ पुरे होत नाही. आणि सिलिंडर वितळू नये, तेल जळू नये म्हणून भोवती पाणी खेळवावे लागते, ज्यात इंधनाच्या उष्णतेचा मोठा वाटा जातो. शिवाय इंधनाचा फवारा उडवण्यासाठी त्या इंजिनाला अतिदाबाची हवा लागे, आणि ती पुरवणारा पंप इंजिनच ओढत असे. भोवती खेळणाऱ्या पाण्याचा उपद्रव असला तरी उपकारही आहे: १६०० केल्व्हिनचा वायू क्षणभरच टिकतो आणि भिंती थंड राहतात, म्हणून लोखंडी सिलिंडर ते तापमान सोसू शकते, सतत तप्त राहणाऱ्या बाष्पित्राच्या नळ्यांना ही मुभा नव्हती.

आज मोठ्या जहाजांवरील संथगती डिझेल इंजिने ५० टक्क्यांच्या थोडी पलीकडे पोहोचली आहेत. दाब दीडशे वातावरणांच्या वर गेल्याने उष्णता मिळण्याचे सरासरी तापमान वाढले. सिलिंडर प्रचंड असल्याने आकारमानाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ कमी झाले. आणि बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरणारा टर्बोचार्जर टाकाऊ उष्णतेतील काही कार्य परत मिळवतो. वरचे तापमान आणखी चढवण्यात आता धातू ही एकमेव अडचण राहिलेली नाही. ज्वाळा जितकी तप्त, तितका हवेतील नायट्रोजन ऑक्सिजनशी अधिक संयोग पावून विषारी ऑक्साइडे तयार होतात, आणि ती घटवण्यासाठी इंधन किंचित उशिरा सोडणे किंवा बाहेर पडलेल्या वायूंचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये घेणे असे उपाय योजावे लागतात. दोन्ही उपायांनी ज्वाळेचे तापमान उतरते, आणि इंधनाचा खप सहसा एक-दोन टक्क्यांनी वाढतो.