वटाव आणि अधिभार: एकाच किमतीची दोन रूपे

सुरतच्या रिंगरोडवरील घाऊक कापडबाजारात बराचसा माल उधारीवर विकला जातो. मुदतीआधी रक्कम चुकती करणाऱ्या खरेदीदाराला बिलातून जी कपात मिळते तिला वटाव म्हणतात, आणि उशीर करणाऱ्याच्या माथी व्याज किंवा अधिभार, म्हणजे मूळ किमतीवरचा जादा आकार, बसतो. या व्यवहाराविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, शब्द कोणतेही वापरले तरी रक्कम तीच राहत असल्यामुळे खरेदीदाराचा निर्णयही तोच राहतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. समजा, साड्यांच्या एका गठ्ठ्याचे बिल १,०५,००० रुपये असून ३० दिवसांत पैसे दिल्यास ५,००० रुपये वटाव मिळतो, अन्यथा ९० व्या दिवशी पूर्ण रक्कम द्यावी लागते. दुसऱ्या व्यापाऱ्याच्या बिलावर त्याच मालाची किंमत १,००,००० रुपये आहे, आणि ३० दिवस उलटल्यास ९० व्या दिवशी ५,००० रुपये अधिभारासह रक्कम द्यायची आहे. दोन्हीकडे लवकर देणारा एक लाख आणि उशिरा देणारा एक लाख पाच हजार देतो. तथापि मनातील तुलना ज्या रकमेपासून सुरू होते तो संदर्भबिंदू पहिल्या बिलात १,०५,००० रुपये आहे, म्हणून वटाव सोडणे म्हणजे एक लाभ हुकणे, तर दुसऱ्या बिलात तो १,००,००० रुपये असल्याने अधिभार भरणे हा खिशातून जाणारा तोटा ठरतो. डॅनियल काहनेमन आणि अ‍ॅमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाला तोटा हा तेवढ्याच लाभापेक्षा अधिक जाणवतो, आणि यालाच हानिविमुखता म्हणतात. त्यामुळे पैसे लवकर वसूल करायचे असतील तर अधिभाराची भाषा अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता असते, मात्र तीच भाषा गिऱ्हाइकाला खटकतेही, आणि वर्षानुवर्षांच्या संबंधांवर चालणाऱ्या बाजारात ही किंमत लहान नाही.

असा परिणाम केवळ अशिक्षित किंवा हिशेबात कच्च्या माणसांवर होतो, हा दुसरा गैरसमज तर अर्थशास्त्रज्ञांनीच खोडून काढला आहे. सायमन गेश्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रायोगिक अर्थशास्त्राच्या एका परिषदेच्या नोंदणीसाठी काहींना लवकर भरल्यास सूट आणि काहींना उशीर केल्यास दंड, असे एकाच शुल्काचे दोन प्रकारे वर्णन पाठवले गेले होते. पीएचडी करणाऱ्यांपैकी सुटीच्या वर्णनावर ६७ टक्क्यांनी, तर दंडाच्या वर्णनावर ९३ टक्क्यांनी लवकर नोंदणी केली, म्हणजे ज्यांचा अभ्यासविषयच हा होता तेही त्यातून सुटले नाहीत. ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञांमध्ये मात्र असा फरक आढळला नाही, आणि म्हणून हा परिणाम अटळ आहे असे मानणेही चूक ठरेल.

अशी मांडणी म्हणजे फसवणूकच, हे म्हणणेही सरसकट खरे नाही, कारण वरील दोन्ही बिलांत एकही खोटा आकडा नाही. तरीही शब्द निवडणाऱ्याचा हितसंबंध त्यात असतो. रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये नोंदवले आहे की, अमेरिकेत रोख आणि कार्ड यांच्या दरांत फरक ठेवायचाच असेल तर त्याला कार्डावरचा अधिभार न म्हणता रोखीची सूट म्हणावे, असा कार्ड कंपन्यांचा आग्रह होता.

खरी फसगत टक्केवारीत होते. एक लाखावर पाच टक्के चढवले की १,०५,००० होतात, परंतु १,०५,००० वर पाच टक्के वटाव दिला की ९९,७५० उरतात, त्यामुळे दोन्हीकडे 'पाच टक्के' लिहिले म्हणून किंमत एकच आहे असे समजू नये. त्याहून मोठी गोष्ट दोन्ही शब्दांआड झाकली जाते, ती अशी की, ६० दिवस उशिरा पैसे देण्यासाठी एक लाखावर ५,००० मोजणे म्हणजे वर्षाला सुमारे ३० टक्के दराने उधार घेणे होय. ज्या व्यापाऱ्याला बँकेकडून १२ टक्क्यांनी पैसे मिळतात त्याला तेवढेच ६० दिवस एक लाख वापरण्याचे व्याज सुमारे २,००० रुपये पडते, म्हणजे बिल कोणत्याही शब्दांत लिहिलेले असले तरी कर्ज काढून ३० दिवसांत रक्कम चुकती केल्यास त्याचे सुमारे ३,००० रुपये वाचतात.