गप्पांची लिखित मराठी आणि लिपीची निवड : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

भ्रमणध्वनीवरून पाठविली जाणारी मराठी रूपाने लिखित असली, तरी तिची प्रकृती बोलण्याची असते. ती देवनागरीत लिहावी की रोमन लिपीत, याची चर्चा बहुधा अस्मितेच्या अंगाने होते. वस्तुतः तो प्रथम वाचनाचा प्रश्न आहे.

रोमन लिपीची सवय तांत्रिक अडचणीतून लागली. एका लघुसंदेशात 160 रोमन अक्षरे मावत. एखादे जरी देवनागरी अक्षर आले, तरी मर्यादा 70 वर येई, आणि काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जात. आंतरजालावरील संदेशांत ही अडचण उरलेली नाही. सवय मात्र टिकली. 'Kuthe ahes?', 'Nighalo' असे संदेश रोमनमध्ये सहज वाटतात, कारण ते वाचले जात नाहीत, ओळखले जातात.

अडचण येते ती नव्या माहितीपाशी. सांगलीकडे शेतात मळा आणि घरात माळा असतो. 'Pana malyavar thevlay' एवढाच संदेश आल्यास मोटारीचा पाना शोधणाऱ्याने मळ्यावर जावे की माळ्यावर चढावे? देवनागरीत हा निर्णय एक काना करतो. रोमनमध्ये 'aa' लिहून तो भेद दाखविता येतो, परंतु घाईत दुसरा 'a' गळतो. तसेच 'kela' हे केला, केलं आणि केळं या तिन्हींचे लेखन ठरते. त्यातील 'केलं' या बोलण्यातील रूपाला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही पात्रमुखी भाषेत स्थान दिलेले आहे.

बोलीरूपांच्या बाबतीत देवनागरीचा लाभ अधिक स्पष्ट होतो. 'गेल्तो', 'आल्ती', 'न्हाय', 'व्हय' ही रूपे प्रमाणलेखनात बसत नाहीत; तथापि ग्रामीण बोली देवनागरीत वाचण्याची सवय वाचकाला आहे. सांगली जिल्ह्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या कथा-कादंबऱ्यांनी ती लावली. रोमनमध्ये 'alti' दिसताच वाचक क्षणभर अडखळतो.

अर्थात देवनागरीही निर्दोष नाही. 'माझा' आणि 'माझी' यांतील झ चे उच्चार भिन्न असूनही अक्षर एकच आहे; रोमनमध्ये 'maza' आणि 'majhi' लिहिणारा तो भेद नकळत टिपतो.

रोमन कळा दाबून देवनागरी उमटविण्याची सोय हा मधला मार्ग खरा. पण 'mala' लिहिताच बहुधा प्रथम 'मला' पुढे येते, आणि मळा किंवा माळा पर्यायांतून निवडावा लागतो. निवडण्याचे राहून गेल्यास उमटलेली लिपी देवनागरी असते, चूक मात्र रोमनची.