हिशेबाची वही आणि कारखान्याचं नियोजन

लेखा-सॉफ्टवेअर झालेल्या व्यवहारांची नोंद ठेवतं. खरेदीचं बिल आलं, विक्रीचं बीजक निघालं, बँकेत पैसे जमा झाले, की त्याची खतावणी होते आणि महिनाअखेरीस नफा-तोटा व जीएसटीचे आकडे तयार मिळतात. ईआरपीमध्येही हे सगळं असतं, पण त्याची सुरुवात बिलाच्या आधी, ग्राहकाची ऑर्डर आल्या क्षणापासून होते. एकदोन वस्तू बनवणाऱ्या कारखान्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण बाकीचं नियोजन मालकाच्या डोक्यात असतं. वस्तूंचे प्रकार वाढले की ते डोक्यात मावत नाही.

पाण्याचे पंप बनवणारा एक छोटा कारखाना नमुन्यादाखल घेऊ. पूर्वी तिथे दोन मॉडेल होती, आता नऊ आहेत. केसिंग आणि इम्पेलर मॉडेलगणिक वेगळे असतात; बेअरिंग मात्र बऱ्याच मॉडेलांत एकच, प्रत्येक पंपाला दोन. एका मॉडेलच्या 40 आणि दुसऱ्याच्या 30 पंपांची ऑर्डर आली, म्हणजे 140 बेअरिंग लागणार. लेखा-सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक 150 दिसते. हिशेबाने ती बरोबरच आहे, कारण तेवढी बेअरिंग खरोखर स्टोअरमध्ये आहेत. पण त्यातली 60 आधीच्या ऑर्डरसाठी लागणार असतात. ती अजून वापरली गेली नाहीत, म्हणून वहीला त्यांची खबर नसते.

ईआरपी इथे वेगळी वजाबाकी करते. तिच्याकडे प्रत्येक मॉडेलची भागयादी असते. उद्योगात तिला बीओएम म्हणतात. एका पंपाला कोणता भाग किती लागतो, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावरून 140ची गरज निघते. 150 मधून राखीव 60 गेले की 90 उरतात, पुरवठादाराकडून यायचे 20 त्यात मिळवले की 110 होतात. तूट 30ची. हा आकडा ऑर्डर नोंदवताच दिसतो. नाहीतर तो जुळणीच्या टेबलावर काम थांबल्यावर कळतो.

तारखांचंही असंच आहे. माल 30 तारखेला द्यायचा, जुळणी आणि चाचणीला 4 दिवस, लेथवरच्या कामाला 6 दिवस. म्हणजे कास्टिंग 20 तारखेला हातात हवं. फाउंड्री 15 दिवस घेत असेल तर मागणी 5 तारखेपर्यंत जायलाच हवी. ईआरपी अशी उलटी मोजणी प्रत्येक भागासाठी करते.

किमतीच्या बाबतीत फरक आणखी खोल जातो. लेखा-सॉफ्टवेअर एकूण नफा सांगतं, पण नऊपैकी कोणतं मॉडेल तोट्यात आहे हे त्यातून सहसा उमगत नाही. लेथचं सेटिंग बदलायला दोन तास लागतात आणि मशीनचा तासाचा खर्च 400 रुपये आहे असं धरलं, तर सेटिंगचे 800 रुपये होतात. 100 नगांच्या लॉटवर ते नगामागे 8 रुपये पडतात, 5 नगांच्या लॉटवर 160. मॉडेल वाढतात तसे लॉट लहान होतात, आणि विक्री वाढूनही नफा का घटला याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. ईआरपीत प्रत्येक वर्क ऑर्डरवर साहित्य आणि मशीनचा वेळ चढतो, त्यामुळे तो फरक मॉडेलनिहाय दिसतो. अर्थात, तो वेळ कोणीतरी खरा लिहिला पाहिजे.

अडचणही नेमकी तिथेच येते. केसिंगच्या दर शंभर नगांत सहा कास्टिंग फुग्यांमुळे बाद होत असतील आणि भागयादीत ही घट धरलेली नसेल, तर प्रत्येक मागणी थोडी कमीच निघेल. स्टोअरमधून घाईत उचललेल्या मालाची नोंद संध्याकाळी आठवून केली तरी आकडे घसरतात. पडद्यावरची शिल्लक उणे जाऊ लागणं आणि पाच-दहा भाग प्रत्यक्ष मोजल्यावर नोंदीशी न जुळणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी लोक पुन्हा स्वतःच्या एक्सेल फाइलकडे वळतात आणि ईआरपीत फक्त बिलं उरतात. मग महागडं लेखा-सॉफ्टवेअर घेतल्यासारखं होतं.

म्हणून प्रत्येकाने ईआरपी घ्यावीच असं नाही. टॅलीसारख्या लेखा-सॉफ्टवेअरमध्येही भागयादी ठेवून उत्पादनाची नोंद करता येते, आणि तीनचार मॉडेल व ठरलेले पुरवठादार असतील तर तेवढं पुरतं. एकच भाग अनेक मॉडेलांत जात असेल, काही काम जॉबवर्कला बाहेर जात असेल आणि ‘माल कधी मिळेल’ याचं उत्तर द्यायला तीन जणांना विचारावं लागत असेल, तर ईआरपीचा खर्च सार्थकी लागतो. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त प्रणालीला परवान्याचं शुल्क नाही. तरीही भागयाद्या तपासणं, स्टोअरची मोजदाद आणि माणसांना शिकवणं यांचा खर्च उरतोच, आणि लहान कारखान्यात मोठा वाटा त्याचाच असतो. सगळे विभाग एकाच दिवशी चालू न करता आधी स्टोअर आणि भागयाद्या, मग खरेदी, त्यानंतर उत्पादन असा क्रम ठेवला, तर प्रत्येक टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यात जाण्याआधी सापडते.