हळवी कविता मधेच टोमणा का मारते?

वडिलांच्या आठवणीवर लिहिलेली कविता वाचताना ऐकणारा मधेच हसतो आणि कवी गोंधळतो. भावना खरी असते, पण शब्द दुसऱ्याच सुरात बोलून गेलेले असतात. हे नेमकं कुठे घडतं ते दाखवण्यासाठी या लेखाकरता रचलेला एक कच्चा मसुदा पाहू:

बाबा, तुमचा चष्मा अजून खिडकीत आहे,
काचेवर तुमच्याच बोटाचा ठसा.
वर्तमानपत्र रोज येतं,
म्हणे जगाची खबरबात घेऊन येतं.
आपली खुर्ची अद्याप विराजमान आहे,
तुम्हीच तेवढे गेलात.

पहिल्या दोन ओळी निर्मळ आहेत. चष्मा आणि ठसा डोळ्यांसमोर येतात आणि मुलगा वडिलांशी घरातल्या आवाजात बोलतो. चौथ्या ओळीत ‘म्हणे’ येतं आणि आवाज बदलतो. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना ‘म्हणे’ सहज येतं, पण जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे तिला ते लावलं की बोलणारा तिच्यावर अविश्वास दाखवतोय असं वाटतं. वर्तमानपत्र बातम्या आणतं यात ऐकीव काय आहे? म्हणून वाचकाला इथे खोचकपणा ऐकू येतो.

पाचव्या ओळीत दोन गोष्टी एकदम बिघडतात. ‘तुमचा’ म्हणणारा मुलगा ‘आपली’वर येतो, म्हणजे जवळचा माणूस अचानक निमंत्रणपत्रिकेच्या भाषेत बोलू लागतो. त्यात ‘विराजमान’ हा शब्द मूर्तीसाठी किंवा व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी वापरला जातो. शाळेत शिकलेला व्याजस्तुती अलंकार इथे आठवावा, ज्यात वरून स्तुती असते आणि आतून निंदा. मराठी वाचक त्याला इतका सरावलेला आहे की साध्या वस्तूला मोठा शब्द लावलेला दिसला की तो आतली निंदा शोधू लागतो. केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या, ‘झेंडूची फुले’मधली विडंबनं भारदस्त शैली आणि क्षुल्लक विषय यांच्या याच विसंगतीवर हसवतात. तिथे ती हवी होती. इथे कवीला फक्त आदर दाखवायचा होता.

शेवटची ओळ सर्वांत अवघड आहे. ‘तुम्हीच तेवढे’ यात ‘च’ आणि ‘तेवढे’ दोघे मिळून बोट दाखवतात. ‘बाकी सगळे आले, तूच तेवढा आला नाहीस’ हे आपण तक्रार म्हणूनच ऐकतो, त्यामुळे कवीला पोकळी सांगायची असली तरी ओळ दोष देते.

असं होण्यामागचं एक कारण मला वारंवार दिसतं. दोन हळव्या ओळी झाल्या की लिहिणाऱ्याला संकोच वाटू लागतो, आपण फार रडवेले होतोय असं वाटतं, आणि तो नकळत एक खोचक शब्द पुढे करून स्वतःला सावरतो. म्हणून अशा शब्दाच्या आधीची ओळ तपासावी. तिथे हळवेपणा खरोखर जास्त झाला असेल तर तो तिथेच कमी करावा. कवितेवर पुन्हापुन्हा काम करतानाही हे होतं, कारण दुसऱ्या दिवशी बदललेली ओळ दुसऱ्या दिवसाच्या मनःस्थितीत लिहिली जाते.

पारखायचं असेल तर कविता दुसऱ्या कुणाकडून, आधी काहीही न सांगता, मोठ्याने वाचून घ्यावी. वाचणाऱ्याचा आवाज जिथे चढतो किंवा ओठ किंचित वाकडे होतात, तिथे पेन्सिलीने खूण करावी. लिहिणाऱ्याने स्वतः वाचलं तर तो मनातला सूर ओळींवर चढवतो आणि चूक लपते. आपल्या मसुद्यात खुणा चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या ओळीवर पडतील. त्या ओळी अशा करता येतील:

वर्तमानपत्र रोज येतं,
घडी न मोडता पडून राहतं.
तुमची खुर्ची आहे तिथेच आहे,
तुम्ही नाही.

दुःख वाढवणारा एकही शब्द घातलेला नाही. न मोडलेल्या घडीने ‘म्हणे’ची जागा घेतली आणि शेवटची ओळ कुणाकडे बोट दाखवत नाही.

याचा अर्थ प्रत्येक कवितेत एकच सूर हवा असा नाही. मर्ढेकरांनी अभंग-ओवीचा जुना घाट घेऊन त्यात यंत्रयुगातलं जगणं आणि बोचरा उपरोध आणला, पण तिथे तो ताण कवितेच्या घडणीतच आहे. तो एखाद्या कडव्यात चुकून शिरलेला नाही. आपल्या मसुद्यातल्या मुलाचाही वडिलांवर खरोखर राग असू शकतो. मग ‘तुम्हीच तेवढे गेलात’ ही ओळ शेवटी दडवू नये. तिनेच कविता सुरू करावी आणि चष्मा, ठसा, खुर्ची त्या रागाच्या मागून येऊ द्यावेत.