सायकलीमागचे उलटे गणित

पंजाबमधील लुधियाना शहर सायकली व त्यांचे सुटे भाग यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या लहान कारखान्याला आठव्या आठवड्याच्या अखेरीस १०० सायकली द्यावयाच्या आहेत, अशी कल्पना करू. मग स्पोक किती मागवावेत आणि कधी?

जुन्या धाटणीच्या सायकलीच्या पुढील चाकात ३२ आणि मागील चाकात ४० स्पोक असतात. म्हणजे चाकांच्या एका जोडीस ७२. सायकलीत कोणते भाग किती लागतात आणि त्या भागांत पुन्हा काय काय लागते, हे पायरीपायरीने सांगणाऱ्या यादीस ‘बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात. सायकलींची मागणी किती येईल याचा अंदाज बांधावा लागतो. स्पोकची गरज मात्र या यादीवरून मोजता येते. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या पद्धतीची सविस्तर मांडणी केली.

कारखान्यात तयार चाकांच्या ३० जोड्या आणि सुटे १,४४० स्पोक शिल्लक आहेत. घाईने हिशेब करणारा १०० ला ७२ ने गुणतो, ७,२०० मधून १,४४० वजा करतो आणि ५,७६० स्पोक मागवतो. येथेच तो फसतो. तयार चाकांत २,१६० स्पोक आधीच बसवलेले आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर शिल्लक साठा वजा करावा आणि मगच खालच्या पायरीवर उतरावे. १०० जोड्यांतून ३० वजा केल्यावर ७० जोड्या बांधावयाच्या उरतात. त्यांना ५,०४० स्पोक लागतात. त्यांतून १,४४० वजा जाता निव्वळ गरज ३,६०० ची, म्हणजे नेमकी २५ ग्रोसची.

आता काळाचा हिशेब. तो शेवटाकडून मागे करावयाचा असतो. सायकली जोडण्यास एक आठवडा लागतो, म्हणून चाके सातव्या आठवड्याच्या अखेरीस तयार हवीत. चाके बांधून त्यांचा आउट काढण्यास आणखी एक आठवडा. म्हणून स्पोक सहाव्याच्या अखेरीस हाती हवेत. पुरवठादार तीन आठवडे घेतो. तेव्हा मागणीपत्र तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गेले पाहिजे. हे मागे मोजणे आजच्याही मागच्या तारखेवर जाऊन थांबले, तर ठरलेल्या दिवशी माल देता येणार नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच कळते.

गणित बिनचूक असले तरी नोंदवही खोटी असू शकते. समजा, ३० पैकी १० जोड्या कोणी दुरुस्तीसाठी काढून नेल्या आणि नोंद केली नाही. ही तूट सातव्या आठवड्याच्या अखेरीस, जोडणीच्या वेळी उघडकीस येते. मग ७२० स्पोकसाठी तीन आठवडे आणि चाके बांधण्यास एक आठवडा थांबावे लागते. नव्वद सायकली वेळेवर निघतात. उरलेल्या दहा बाराव्या आठवड्याच्या अखेरीस.